बढती झाली, पगार मात्र तोच. साहेबांकडे विषय काढायचा कसा?

अंबडकर_दादा (२ डिसेंबर, रात्री १०:४०)

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. अंबड एमआयडीसीत एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं झाली. डिप्लोमा मेकॅनिकल. सीएनसी शॉपमध्ये सीनियर टेक्निशियन होतो. जूनमध्ये आमचे सेक्शन इनचार्ज सोडून गेले आणि १ ऑगस्टपासून ती जबाबदारी माझ्याकडे आली. पत्र मिळालं, पेढे वाटले, बायकोने स्टेटस ठेवला. पदनाम ‘एक्झिक्युटिव्ह, प्रॉडक्शन’.

पगारात एक रुपयाचा फरक नाही. तेव्हा साहेब म्हणाले होते, “आधी काम हातात घे, बाकीचं आपण बघू.” चार महिने झाले, कुणी काही बघितलेलं नाही. साहेब माणूस चांगला आहे, मीच संकोचतो. १५ टक्के वाढ मागावी असं मनात आहे. जास्त होईल का? तोंडी बोलू की मेल करू?

मिसळ_विदाउट_तर्री (२ डिसेंबर, रात्री ११:०५)

एवढा विचार कसला करतोस भाऊ. पुण्याची एक ऑफर काढ, साहेबांच्या टेबलावर ठेव. दुसऱ्या दिवशी पगार वाढतो. मी दोनदा केलंय.

गोदाकाठ (३ डिसेंबर, सकाळी ७:१५)

अभिनंदन! वेतननिश्चितीसाठी विकल्प दिलात का? पदोन्नतीनंतर एक महिन्याच्या आत द्यावा लागतो. पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून निश्चिती घेतली तर बऱ्याचदा जास्त फायदा होतो. आस्थापना शाखेत विचारा, ते तक्ता करून देतात.

अंबडकर_दादा (३ डिसेंबर, सकाळी ७:५०)

काका, मी खाजगीत आहे हो. आमच्याकडे आस्थापना शाखा म्हणजे एचआरची एक मुलगी आणि एक प्रिंटर.

गोदाकाठ (३ डिसेंबर, सकाळी ८:०२)

अरेच्चा, एमआयडीसी वाचलंच नाही मी. जिल्हा परिषदेत ३१ वर्षं काढली, पदोन्नती म्हटलं की हात आपोआप त्या अर्जाकडे जातो. गंमत बघा, आमच्याकडे आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, पद मात्र तेच राहतं. तुमचं बरोब्बर उलटं झालंय.

माजी_एचआर_सातपूर (३ डिसेंबर, दुपारी १:२०)

अंबडकर, सातपूरच्या एका कारखान्यात मी १४ वर्षं एचआरमध्ये होते, त्यामुळे अशी पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. टक्क्याचा विचार जरा बाजूला ठेवा. तीन गोष्टी बघून इथे लिहा.

पगाराच्या स्लिपवर ‘ग्रेड’ किंवा ‘लेव्हल’ असा रकाना असतो. जुलैच्या आणि ऑगस्टच्या स्लिपवर तो वेगळा आहे की तोच? बढतीच्या पत्रात शेवटच्या दोन-तीन ओळींत काय लिहिलंय? आणि टेक्निशियन असताना तुम्हाला ओव्हरटाइम मिळत होता का? असेल तर बढतीआधीच्या सहा महिन्यांचे तास काढा.

अंबडकर_दादा (३ डिसेंबर, रात्री ९:३०)

ताई, स्लिपा काढून बसलो आणि डोकं सुन्न झालं.

ग्रेड दोन्हीकडे तीच, टी-४. पत्रात शेवटी लिहिलंय, “आपल्या नियुक्तीच्या इतर सर्व अटी व शर्ती पूर्वीप्रमाणेच राहतील.” हे मी चार महिन्यांत एकदाही नीट वाचलं नव्हतं.

ओव्हरटाइम मिळायचा. फेब्रुवारी ते जुलै अनुक्रमे १८, २४, २६, १६, १४ आणि २२ तास. शिवाय महिन्याला साधारण आठ रात्रपाळ्या, प्रत्येकी १०० रुपये भत्ता. आता जनरल शिफ्ट आहे आणि एक्झिक्युटिव्हला ओव्हरटाइम नाही. ग्रॉस ३१,२००, त्यात बेसिक १५,६००.

माजी_एचआर_सातपूर (३ डिसेंबर, रात्री १०:१०)

वाटलंच होतं. आता आकडे मांडू.

३१,२०० भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, म्हणजे तासाला १५० रुपये. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे ३००. सहा महिन्यांचे मिळून १२० तास, सरासरी महिन्याला २०. झाले ६,००० रुपये. त्यात रात्रपाळीचे ८०० धरा. तुमची खरी कमाई ३१,२०० नव्हतीच, ती ३८,००० होती. म्हणजे पगार ‘तोच राहिला’ हे म्हणणंच चूक आहे. बढतीनंतर तो महिन्याला ६,८०० रुपयांनी घटला. ऑगस्ट ते नोव्हेंबर मिळून २७,२०० रुपये.

आणि १५ टक्के? ३१,२०० वर १५ टक्के म्हणजे ४,६८०. ते मिळाले तरी ३५,८८० होतील. टेक्निशियन होतात तेव्हापेक्षा २,१२० रुपये कमीच, आणि वरून धन्यवादही म्हणावे लागतील.

अंबडकर_दादा (३ डिसेंबर, रात्री १०:२५)

हे बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “मी सप्टेंबरपासून सांगतेय, पैसे पुरत नाहीयेत म्हणून. तुम्ही म्हणालात गणपतीत खर्च झाला.”

करारवाला (४ डिसेंबर, सकाळी ६:४५)

यालाच आम्ही खुर्ची देऊन खिसा कापणं म्हणतो. युनियनच्या करारात असलेला माणूस उचलायचा, एक्झिक्युटिव्ह करायचा. ओव्हरटाइम बंद, पुढच्या करारातली वाढही बंद. आमच्याकडे मागचा करार झाल्यावर ऑपरेटर सुपरवायझरच्या वर गेला पगारात. दादा, कामगार उपायुक्तांकडे अर्ज टाका. नाव एक्झिक्युटिव्ह असलं तरी काम बघतात, पाटी नाही.

माजी_एचआर_सातपूर (४ डिसेंबर, सकाळी ९:३०)

करारवाला, ‘काम बघतात, पाटी नाही’ हे शंभर टक्के खरं. फक्त त्यात अंबडकरांचा फायदा आहे की नाही ते बघायला हवं. अंबडकर, तुम्ही अजून मशीनवर उभे राहता की माणसांच्या रजा मंजूर करता, पाळ्या लावता, कुणाला मेमो देण्याची शिफारस करता?

अंबडकर_दादा (४ डिसेंबर, सकाळी ९:५५)

१९ माणसं आहेत हाताखाली. रजा मीच सही करतो, पाळ्या मीच लावतो. मशीनवर फक्त सेटर आला नाही तर.

माजी_एचआर_सातपूर (४ डिसेंबर, सकाळी १०:१०)

मग ओव्हरटाइमवर हक्क सांगण्याची बाजू अवघड आहे, कारण काम खरोखरच देखरेखीचं आहे. तेच काम तुम्ही पगारवाढीसाठी पुढे करणार आहात. दोन्ही एकदम म्हणता येत नाही.

करारवाला (४ डिसेंबर, दुपारी १२:३०)

पटलं अर्धं. पण लेखी काहीतरी असू द्या. तोंडी शब्दावर गेलेले लोक गेट मीटिंगला रडताना पाहिलेत.

नियम_बघा (४ डिसेंबर, दुपारी २:००)

एवढी चर्चा कशाला? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात. बेसिक एकूण पगाराच्या निम्मं करावंच लागतं. म्हणजे सगळ्यांचे पगार आपोआप वाढणार. थांबा थोडं.

माजी_एचआर_सातपूर (४ डिसेंबर, दुपारी २:४०)

संहिता लागू झाल्या हे बरोबर, पगार वाढणार हे नाही. निम्म्याचा तो नियम पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे कशावर मोजायची यासाठी आहे. एकूण पगार किती द्यायचा हे तो सांगत नाही. आणि अंबडकरांचं बेसिक आधीच निम्मं आहे. त्यांनी वाट बघण्यासारखं त्यात काही नाही.

उलट वाट बघायला वेळच नाहीये. बहुतेक कारखान्यांत एप्रिलच्या वाढीची यादी जानेवारी-फेब्रुवारीत प्लँटकडून मुख्य कार्यालयात जाते. पत्रं मे-जूनमध्ये मिळतात, म्हणून लोकांना वाटतं की तेव्हा बोलू. तोपर्यंत पैसे वाटून झालेले असतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा हीच तुमची वेळ.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, तोंडी की मेल. दोन्ही, पण या क्रमाने. आधी समोर बसून बोला, त्याच दिवशी संध्याकाळी मेल. कारण असं की तुमच्या साहेबांच्या हातात पगार वाढवणं नाही. त्यांना प्लँट हेडकडे जावं लागेल, प्लँट हेडला मुख्य कार्यालयाकडे. प्रत्येक पायरीवर तुमचं म्हणणं कुणीतरी दुसरं मांडणार, आणि तिसऱ्या पायरीवर त्याचं ‘तो पोरगा पैसे मागतोय’ एवढंच उरतं. म्हणून मेल असा लिहायचा की साहेबांना एक अक्षर न बदलता पुढे ढकलता येईल. त्यात तुमच्या घराचा हप्ता नको, मुलांची फी नको, ‘मी खूप मेहनत करतो’ नको. शेजारच्या सेक्शनच्या अमक्याला किती मिळतात हे तर अजिबात नको.

जूनमध्ये जे इनचार्ज गेले, त्यांच्या जागी कुणी आलं का? आणि तुमच्या जागी टेक्निशियन आला का?

अंबडकर_दादा (४ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०)

इनचार्जच्या जागी मीच. माझ्या जागी कुणीच नाही. माझ्या दोन मशीन बाकीच्यांत वाटल्यात.

माजी_एचआर_सातपूर (४ डिसेंबर, रात्री ८:००)

तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. सेक्शन इनचार्ज हे मंजूर पद आहे. वर्षाच्या सुरुवातीला मनुष्यबळाचं बजेट झालं तेव्हा त्या पदाचा पगार त्यात धरलेला होता, आणि टेक्निशियनचाही. दोन खुर्च्यांचे पैसे मंजूर, खर्च एका खुर्चीचा. साहेब ‘बजेट नाही’ म्हणाले तर हे शांतपणे विचारायचं. आधीच्या इनचार्जला किती मिळायचे ते माहीत असलं तरी आकडा तोंडातून काढू नका. ‘त्या पदासाठी मंजूर असलेली तरतूद’ एवढंच म्हणा. त्यांना आकडा ठाऊक आहे.

मिसळ_विदाउट_तर्री (४ डिसेंबर, रात्री ८:३०)

मी अजूनही सांगतो, ऑफरशिवाय कुणी हलत नाही.

माजी_एचआर_सातपूर (४ डिसेंबर, रात्री ८:४५)

ऑफरने हलतात, हे खरंय. पण ‘ठीक आहे, जा’ म्हणाले तर जायची तयारी हवी. अंबडकरांची आहे का? पुण्यात घरभाडं भरून किती उरतात हेही बघावं लागेल. आणि नाशकात अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे मिळून एचआरवाली मंडळी एकमेकांना ओळखतात. नुसती दाखवायला आणलेली ऑफर चहाच्या टपरीपर्यंत पोचायला आठवडा लागत नाही. तुम्ही दोनदा केलंत म्हणता, तिसऱ्यांदा केलंत का?

मिसळ_विदाउट_तर्री (४ डिसेंबर, रात्री ९:१०)

तिसऱ्यांदा खरंच जावं लागलं 😀 सध्या चाकणला आहे. शनिवारी रात्री येतो, रविवारी मिसळ खाऊन परत.

अंबडकर_दादा (६ डिसेंबर, रात्री १०:००)

मेलचा मसुदा केलाय. इंग्रजीतून पाठवणार आहे, इथे मराठीत टाकतो.

“आदरणीय सर, आज आपण बोललो त्याची नोंद म्हणून लिहीत आहे. १ ऑगस्टपासून मी सीएनसी सेक्शनचा इनचार्ज म्हणून काम पाहत आहे. १९ जणांच्या पाळ्या, रजा, रोजचं उत्पादन आणि रिजेक्शनचा अहवाल ही जबाबदारी माझ्याकडे आहे. पदनाम बदललं असलं तरी माझी ग्रेड टी-४ आहे. नव्या पदामुळे ओव्हरटाइम व रात्रपाळी भत्ता बंद झाल्याने माझं मासिक उत्पन्न सरासरी ३८,००० वरून ३१,२०० झालं आहे. सहा महिन्यांचा तपशील सोबत जोडला आहे. माझी विनंती अशी की पदानुसार ग्रेड बदलून मासिक ग्रॉस ४२,००० करावं आणि ते १ ऑगस्टपासून लागू करावं. यावर कधीपर्यंत निर्णय होऊ शकेल ते कळवावं.”

जमलंय का? ४२ लिहिताना हात थरथरला.

माजी_एचआर_सातपूर (६ डिसेंबर, रात्री १०:३०)

उत्तम. एकच बदल. रिजेक्शनचा अहवाल तुम्ही करता हे ठीक, पण ऑगस्टपासून रिजेक्शन कमी झालं असेल तर जुलैचा आणि नोव्हेंबरचा आकडा शेजारी शेजारी टाका. नसेल झालं तर काही लिहू नका.

४२ राहू द्या. ३८ ही फक्त जिथे होतात तिथे परत यायची किंमत आहे, १९ माणसं सांभाळायची किंमत त्याच्या वर सुरू होते. ऑगस्टपासूनचा फरक बहुधा नाकारतील, तरी मागा. काहीतरी सोडल्यासारखं दिसायला तुमच्याकडे काहीतरी असावं लागतं.

गोदाकाठ (७ डिसेंबर, सकाळी ६:५०)

‘विनंती’ बरोबर ‘कृपया’ही घाला. अर्ज भारदस्त वाटतो.

अंबडकर_दादा (९ डिसेंबर, रात्री ९:४५)

आज बोललो. शॉपमध्ये नको म्हणून केबिनमध्ये वेळ मागितली, दुपारच्या जेवणानंतर. जे झालं ते जसंच्या तसं.

साहेब पहिल्यांदा म्हणाले, “अरे, पण तुला शिकायला मिळतंय ना?” मी हो म्हणालो आणि गप्प बसलो. ताई, तुम्ही खाजगी निरोपात म्हणाला होतात ना, एक वाक्य बोलून थांबायचं. थांबणं फार अवघड जातं हो. मग कागद पुढे केला. त्यांनी ३८ आणि ३१,२०० बघितलं, चष्मा काढला, म्हणाले, “हे माझ्या लक्षातच आलं नाही.” खरं सांगतो, त्यांना खरंच माहीत नव्हतं. ओव्हरटाइमचं स्टेटमेंट टाइम ऑफिसकडून थेट अकाउंट्सला जातं.

मग म्हणाले बजेट नाही, एप्रिलमध्ये बघू. मी मंजूर पदाचं विचारलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “मेल टाक, मी पुढे पाठवतो.” संध्याकाळी टाकला. रिजेक्शन जुलैत ३.१ टक्के होतं, नोव्हेंबरात २.४, तेही घातलं. ‘कृपया’ पण घातलंय, काका.

करारवाला (९ डिसेंबर, रात्री १०:१५)

मेलची एक प्रत घरच्या पत्त्यावर घेऊन ठेवा. कंपनीचा मेल कंपनीचा असतो.

माजी_एचआर_सातपूर (१० डिसेंबर, सकाळी ९:१५)

स्वतःच्या पगारापुरतं असेल तर ठीक. रिजेक्शनचे आकडे, ग्राहकांची नावं असलेलं काही घरी पाठवू नका, त्यावरून उलट तुम्हालाच मेमो येईल. नुसती छापील प्रत पुरे.

अंबडकर_दादा (१९ डिसेंबर, रात्री ८:५०)

उत्तर आलं. आज एचआर आणि साहेब दोघं बसले होते. १ जानेवारीपासून महिन्याला ४,५०० रुपये ‘पद भत्ता’. ग्रेड बदलाची शिफारस एप्रिलच्या यादीत टाकणार. ऑगस्टपासूनचा फरक देता येणार नाही. मी विचार करून सांगतो म्हणालो. बायको म्हणते घ्या. तुम्हाला काय वाटतं?

मिसळ_विदाउट_तर्री (१९ डिसेंबर, रात्री ९:००)

३५,७०० झाले. अजून २,३०० तोट्यातच आहेस. नको घेऊस.

माजी_एचआर_सातपूर (१९ डिसेंबर, रात्री ९:४०)

न घेतल्याने ग्रेड लवकर मिळणार नाही, म्हणून भत्ता घ्यावा असं माझं मत. पण ‘भत्ता’ या शब्दाकडे नीट बघा. तो बेसिकमध्ये नाही, म्हणजे जे काही नुसत्या बेसिकवर मोजलं जातं ते त्याने वाढणार नाही. त्याहून मोठी गोम एप्रिलची आहे. तेव्हा ग्रेड बदलून समजा ५,००० वाढवले आणि त्याच पत्रात ‘पद भत्ता सदर वाढीत समाविष्ट’ अशी ओळ आली, तर हातात नवीन फक्त ५०० येतील. हे मी होताना पाहिलंय, आणि अशी ओळ मी लिहिलीही आहे, खोटं कशाला बोलू.

म्हणून होकार देतानाच मेलमध्ये दोन गोष्टी लिहा. एप्रिलची वाढ ३५,७०० धरून मोजली जाईल आणि ग्रेड बदलल्यावर भत्ता बेसिकमध्ये मिळवला जाईल, अशी माझी समजूत आहे. चूक असल्यास कळवावं.

करारवाला (१९ डिसेंबर, रात्री १०:०५)

आणि ‘एप्रिलच्या यादीत टाकणार’ हे कुठल्या कागदावर आहे?

अंबडकर_दादा (१९ डिसेंबर, रात्री १०:२०)

भत्त्याचं पत्र देणार आहेत. ग्रेडचं तोंडी.

माजी_एचआर_सातपूर (१९ डिसेंबर, रात्री १०:३०)

ग्रेडचं लेखी देणार नाहीत, कारण प्लँटच्या हातात ते नाही. साहेबांना एवढंच विचारा की यादी कोणत्या आठवड्यात जाते. ती तारीख कळली की तिच्या चार दिवस आधी आठवण करा.

नियम_बघा (२० डिसेंबर, सकाळी ११:००)

भत्ता मिळाल्यावर ओव्हरटाइम पुन्हा मागता येईल का?

करारवाला (२० डिसेंबर, सकाळी ११:२०)

धागा वरून वाचा.

अंबडकर_दादा (२३ डिसेंबर, रात्री ९:१५)

होकार कळवला, ताईंची दोन्ही वाक्यं घालून. एचआरचं उत्तर आलं, “नोंद घेतली.” हो नाही, नाहीही नाही. साहेबांना यादीची तारीख विचारली, म्हणाले जानेवारीचा तिसरा आठवडा. आणि जाता जाता म्हणाले, “माझ्या वेळी मी हे विचारलंच नव्हतं रे.”

माझ्या जागी टेक्निशियन भरायला मात्र मंजुरी आली, पुढच्या सोमवारी मुलाखती आहेत. कुणाच्या ओळखीत फॅनुक कंट्रोलवर सेटिंग येणारा मुलगा असेल तर निरोप करा. ओव्हरटाइम मिळतो.